पंप बंद होताना बसणारा दणका: झुलत्या झडपेचा एनआरव्ही ठेवावा की स्प्रिंगचा बसवावा?

बावधनकर

आमच्या बारा मजली इमारतीत तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी साडेसात अश्वशक्तीचे दोन पंप आहेत. ते आळीपाळीने चालतात आणि दोन्ही एकाच ८० मिमी जीआय लाइनला जोडलेले आहेत. टाकीची उंची पंपापासून ४२ मीटर भरते आणि वळणे धरून नळाची लांबी साधारण ६० मीटर आहे. गेल्या काही महिन्यांपासून पंप बंद झाला की पंपघरात जोराचा दणका बसतो. लाइट गेल्यामुळे पंप थांबला तर तो अधिकच जोरात बसतो आणि पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांना भिंत हादरल्याचे जाणवते. फ्लँजमधली गॅस्केट फाटली आणि दाबमापकाचा काटा वाकला, तेव्हा हा विषय समितीपुढे आला.

सध्या दोन्ही पंपांवर पाणी मागे येऊ न देणारे, झुलत्या झडपेचे, म्हणजे आपण ज्याला फ्लॅपचा एनआरव्ही म्हणतो ते, बिडाचे व्हॉल्व्ह आहेत. एका प्लंबरने तसेच नवे बसवायला सांगितले आहे, तर दुसरा स्प्रिंगचे बसवा म्हणतो. समितीतील एका सदस्यांचे मत असे आहे की, व्हॉल्व्हला हात न लावता पंपाशेजारी हवेची एक प्रेशर टाकी बसवावी, म्हणजे ती दणका शोषून घेईल. आमच्या लाइनमध्ये कोणता व्हॉल्व्ह योग्य ठरेल आणि तो का, हे कोणी कारणासह सांगू शकेल का? समितीला पटवून द्यायचे असल्यामुळे कारण महत्त्वाचे आहे.

साताऱ्याचे_हार्डवेअर

दुकानात रोज हा प्रश्न येतो, म्हणून स्पष्टच सांगतो. फ्लॅपच्या व्हॉल्व्हचे दिवस आता संपले आहेत. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आडवा, उभा, कसाही बसतो, लवकर बंद होतो आणि आवाज करत नाही. डिलिव्हरीवर एक बसवा आणि सक्शनच्या तळाशी जाळीसह स्प्रिंगचाच बसवा. पंपाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग असली की पाणी कुठेही मागे जात नाही. नळ ८० चा आहे, तेव्हा व्हॉल्व्हही ८० चाच घ्यावा, त्यात काटकसर करू नये.

मृदुला_रत्नागिरी

आमच्याकडेही हीच अडचण आहे. विहिरीवरचा पंप रात्री बंद केला की सकाळी त्यातले पाणी उतरलेले असते आणि दर वेळी कळशीने पाणी ओतून तो भरावा लागतो. तळाचा फूट व्हॉल्व्ह दोनदा बदलला. वर दिलेल्या सल्ल्याप्रमाणे खाली स्प्रिंगचा बसवला तर ही कटकट थांबेल का? पावसाळ्यात पाणी पंपाच्या अगदी जवळ असते, मे महिन्यात मात्र ते सहा मीटरपर्यंत खाली जाते.

जलवाहिनी

मृदुलाताई, आपला प्रश्न सक्शनचा आहे आणि बावधनकरांचा डिलिव्हरीचा. दोन्ही ठिकाणी पाणी मागे जाऊ द्यायचे नाही एवढेच साम्य आहे. व्हॉल्व्ह निवडण्याचे निकष मात्र जवळजवळ उलटे आहेत. म्हणून आधी बावधनकरांकडून काही गोष्टी समजून घेतो आणि मग आपल्या विहिरीकडे येतो.

बावधनकर, मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात बरीच वर्षे काम केले आहे. तिथे याच व्हॉल्व्हला आम्ही रिफ्लक्स व्हॉल्व्ह म्हणत असू. मला पुढील माहिती हवी आहे. दणका पंप थांबल्याबरोबर बसतो की काही सेकंदांनी? एकच बसतो की मागोमाग अनेक? व्हॉल्व्ह आडव्या नळावर आहे की उभ्या, आणि पंपाच्या तोंडापासून किती अंतरावर? पंप चालू असताना व्हॉल्व्हमधून काही आवाज येतो का? शेवटचे म्हणजे, पंप थांबल्यावर त्याचा दांडा उलटा फिरताना दिसतो का?

बावधनकर

आज पंपघरात उभे राहून पाहिले. पंप थांबतो आणि लगेच, अर्धा सेकंदही जात नाही तोच, एक मोठा दणका बसतो. त्यानंतर एक-दोन हलके धक्के जाणवतात आणि मग शांतता होते. व्हॉल्व्ह उभ्या नळावर आहे. पंपाच्या तोंडाशी कोपर आहे आणि त्याच्या वर जेमतेम वीतभर अंतरावर व्हॉल्व्ह आहे. पंप चालू असताना त्यातून सतत टकटक ऐकू येते. बंद होताना कपलिंग क्षणभर उलटे फिरते आणि थांबते. एका पंपाचा व्हॉल्व्ह प्लंबरने उघडला, तेव्हा झडपेच्या बिजागरीची पिन एका बाजूने चांगलीच झिजलेली दिसली.

जलवाहिनी

या उत्तरांवरून बरेच चित्र स्पष्ट होते. दणका लगेच बसतो, एकदाच मोठा बसतो आणि त्याआधी दांडा क्षणभर उलटा फिरतो, याचा अर्थ झडप मिटण्यापूर्वीच पाणी मागे वळलेले असते आणि ते वळलेले पाणीच झडपेला बैठकीवर आपटते. दणक्याचे मूळ पंप थांबण्यात नाही, झडप उशिरा मिटण्यात आहे.

आता आपल्याच आकड्यांवर हे ताडून पाहू. साडेसात अश्वशक्तीचा पंप या उंचीवर सेकंदाला साधारण ६ लिटर पाणी देत असेल, म्हणजे ८० मिमी नळात पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर होतो. पंपाचा जोर नाहीसा झाला की ४२ मीटर उंचीचा दाब ६० मीटर लांबीच्या पाण्याला मागे रेटू लागतो. वेग किती झपाट्याने कमी होईल हे काढण्यासाठी गुरुत्वाच्या ९.८१ या आकड्याला उंचीने गुणून लांबीने भागावे. येथे उत्तर जवळपास ६.९ येते. म्हणजे वेग दर सेकंदाला ६.९ मीटरने घटतो आणि १.२ चा वेग ०.१७ सेकंदात शून्यावर येतो. पंपाचे चाक लगेच थांबत नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळतो, परंतु छोट्या पंपाच्या चाकात फारसा साठा नसतो.

एवढ्या वेळात झुलत्या झडपेला सुमारे ७० अंशांचा फेरा पूर्ण करून बैठकीवर यायचे असते. तिला त्यापुढे केवळ ०.१ सेकंद उशीर झाला, तरी पाण्याने मागे जाण्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटरपर्यंत पोहोचू शकतो. झडप मिटताच तो वेग एकदम शून्य होतो. लोखंडी नळात दाबाची लाट सेकंदाला साधारण १२०० मीटर वेगाने जाते. या लाटेच्या वेगाला अडवलेल्या वेगाने गुणून ९.८१ ने भागले की वाढीव दाब मिळतो, आणि तो येथे जवळपास ८५ मीटर येतो. नळात मुळात ४२ मीटर दाब असतो आणि त्यावर क्षणभर ८५ मीटर आणखी चढतात. गॅस्केट फाटणे आणि दाबमापकाचा काटा वाकणे यांचे कारण यात मिळते. हा हिशोब वरच्या मर्यादेचा आहे, कारण पंपातून मागे जाणाऱ्या पाण्यालाही काही अडथळा होतो. तरी दणक्याची जात त्यावरून नेमकी कळते.

आपल्या ठिकाणी आणखी एक गोष्ट झडपेच्या विरोधात जाते. आडव्या नळावर उघडी झडप वर उचललेली असते आणि तिचे वजन तिला पूर्ण ताकदीने खाली ओढत असते. उभ्या नळावर मात्र उघडी झडप जवळजवळ उभीच राहते. त्या स्थितीत वजनाची मिटवणारी ओढ आडव्या नळाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरते. म्हणजे जिथे सर्वांत अधिक घाई हवी, त्या सुरुवातीच्या क्षणालाच ती रेंगाळते. पाणी वर जात असलेल्या उभ्या नळावर झुलती झडप बसवता येते, ते चूक नाही. परंतु उंच आणि आखूड लाइनमध्ये ती तिथे बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

साताऱ्याचे_हार्डवेअर

म्हणजे मी सांगितले तेच झाले, स्प्रिंगचा बसवा.

जलवाहिनी

या लाइनच्या डिलिव्हरीवर आपले म्हणणे बरोबर आहे, साहेब. अक्षाच्या दिशेने सरकणारी चकती आणि तिच्यामागे स्प्रिंग, अशा व्हॉल्व्हमध्ये चकतीला काही मिलिमीटरच सरकायचे असते. शिवाय स्प्रिंग तिला पाणी मंदावत असतानाच मिटवत आणते, पाणी उलटण्याची वाट पाहत नाही. उलटा वेग तयार होण्यापूर्वीच दार बंद झालेले असते, म्हणून आपटण्यासारखे काही उरत नाही.

मात्र दोन मुद्द्यांवर मी आपल्याशी सहमत नाही. पहिला मुद्दा मापाचा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नळाच्या मापावर घेऊ नये, प्रवाहावर घ्यावा. सेकंदाला ६ लिटर प्रवाहासाठी ८० चा व्हॉल्व्ह घेतला आणि त्याची स्प्रिंग कडक निघाली, तर चकती पूर्ण उघडणार नाही. अर्धवट उघडी चकती पाण्यात थरथरते, दांडी झिजते आणि काही दिवसांतच तीच टकटक सुरू होते. ६५ च्या व्हॉल्व्हमध्ये वेग सेकंदाला १.८ मीटर होतो आणि चकती टेकेपर्यंत उघडण्याची शक्यता वाढते. उत्पादकाच्या तक्त्यात किती प्रवाहाला झडप पूर्ण उघडते हे दिलेले असते. ते पाहूनच माप ठरवावे आणि दोन्ही बाजूंना रिड्यूसर द्यावेत. बावधनकरांची सध्याची टकटकही याच जातीची आहे. कोपराच्या लगेच वर पाणी घुसळत येते आणि झडप त्यात सतत हलत राहते. पिन एका बाजूने झिजते ती त्यामुळेच. पंपाच्या तोंडापासून किंवा कोपरापासून नळाच्या व्यासाच्या निदान पाच पट सरळ अंतर सोडावे, म्हणजे येथे ४० सेंटिमीटर. जागा असेल तर दहा पट सोडलेले चांगले.

दुसरा मुद्दा सक्शनचा, आणि तो मृदुलाताईंसाठी आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला १० मीटरच्या आसपास उचलू शकतो, तर व्यवहारात पंप सहा-सात मीटरपर्यंतच विश्वासाने ओढतो. ताई, मे महिन्यात आपण या मर्यादेच्या काठावरच असता. अशा वेळी तळाशी स्प्रिंग बसवली, तर ती उघडण्यासाठीच अर्धा मीटर किंवा अधिक दाब खर्च होतो. डिलिव्हरीत अर्धा मीटर गेला तर विजेचे बिल किंचित वाढते. सक्शनमध्ये तेवढाच दाब गेला, तर मे महिन्यात पंपात खडखड होईल किंवा पाणी येणेच थांबेल. सक्शनच्या तळाशी मोठ्या जाळीचा, हलक्या झडपेचा, कमीत कमी अडथळा करणारा फूट व्हॉल्व्हच ठेवावा.

आपला फूट व्हॉल्व्ह बदलूनही पाणी उतरते, त्याअर्थी तो दर वेळी दोषी असेलच असे नाही. पंपाच्या दांड्याजवळच्या ग्लँडमधून किंवा सक्शनच्या एखाद्या सांध्यातून हवा आत येत असेल, तर किंचित गळणारा फूट व्हॉल्व्हही रात्रभरात सगळा नळ रिकामा करतो. हवा शिरली नाही, तर तेच पाणी बराच काळ टिकते. पंप चालू असताना ग्लँडवर आणि सांध्यांवर पातळ साबणपाणी सोडून पाहावे. ते आत ओढले गेले की जागा सापडली.

मृदुला_रत्नागिरी

ग्लँडकडे आजवर कोणी पाहिलेच नव्हते. पंपवाल्यांनी दोन्ही वेळा सरळ फूट व्हॉल्व्हच बदलून दिला. पाहून कळवते.

कृष्णाकाठ

जलवाहिनी साहेब, तुमचा हिशोब वाचला आणि माझी पंचाईत झाली. आमची नदीवरून उपसा लाइन आहे. दहा अश्वशक्तीचा पंप, ११० मिमी पीव्हीसी, ८०० मीटर लांबी आणि एकूण चढ ३० मीटर. नळ मधोमध फुटायचा, म्हणून गेल्या हंगामात फ्लॅपचा काढून महागाचा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला. तरी लाइट गेल्यावर नळ पुन्हा त्याच भागात फुटला. वर पाण्याबरोबर येणारा पालापाचोळा स्प्रिंगमध्ये अडकून पाणी कमी पडते ते निराळेच. मग स्प्रिंगने फायदा होतो हे कसे मानायचे?

जलवाहिनी

आपल्या लाइनला तोच हिशोब लावून पाहा, म्हणजे आपणच उत्तरापर्यंत याल. ९.८१ गुणिले ३०, भागिले ८००, उत्तर ०.३७ येते. बावधनकरांकडे वेग दर सेकंदाला ६.९ मीटरने घटतो आणि आपल्याकडे सरासरीने ०.३७ मीटरने. आपला प्रवाह सेकंदाला १० लिटर धरला, तर नळातला वेग तोच १.२ मीटर आहे, परंतु तो शून्यावर यायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात चांगल्या स्थितीतली झुलती झडप पाण्याबरोबर निवांत खाली येते. लांब लाइनला स्प्रिंग हवी आणि आखूड लाइनला फ्लॅप चालतो अशी समजूत सर्वत्र आहे. झडपेच्या दणक्यापुरते पाहिले तर वस्तुस्थिती उलटी आहे. आखूड आणि उभी लाइन झडपेला कमी वेळ देते, लांब आणि सपाट लाइन अधिक.

आपला नळ फुटतो तो व्हॉल्व्हपाशी नव्हे, मधोमध फुटतो, यातच खूण आहे. पंप अचानक थांबला की पंपाकडून दाब घटल्याची लाट पुढे धावते. पीव्हीसीमध्ये तिचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास असतो, म्हणून १.२ मीटर वेग थांबताना दाबातला उतार ४९ मीटरपर्यंत जाऊ शकतो. पंपापाशी आपला एकूण दाब घर्षण धरून ४० ते ४२ मीटर असेल. मधल्या भागात, विशेषतः नळ आधी झपाट्याने चढून पुढे सपाट झाला असेल तर, तो दहा-पंधरा मीटरच उरतो. तिथे दाब शून्याच्या खाली जातो, पाण्याचा सलग खांब तुटतो आणि मध्ये पोकळी होते. पुढचे पाणी परत येऊन ती पोकळी भरते, तेव्हा नळ फुटतो. ही लाट व्हॉल्व्ह मिटण्यापूर्वीच निघून गेलेली असते. त्यामुळे तिथे फ्लॅप असो वा स्प्रिंग, तिला रोखता येत नाही. आपला नळ चढून सपाट होतो अशी काही जागा आहे का?

कृष्णाकाठ

आहे. नदीची दरड चढून लाइन वर येते, तिथून पुढे जवळजवळ सपाट रानातून जाते. दरडीच्या माथ्यापासून थोड्याच अंतरावर फुटते.

जलवाहिनी

मग माथ्यावर हवा आत घेणारा आणि नंतर हळू सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवण्यापासून सुरुवात करा. हळू सोडणारा हे महत्त्वाचे आहे, कारण हवा एकदम निसटली तर पाणी पुन्हा आपटते. जिथे फुटते त्या पट्ट्यात नळाचा दाबवर्गही तपासा, कारण बारीक भिंतीचा पीव्हीसी नळ आतील दाब शून्याखाली गेला की चेपतो आणि पुढच्या वेळी त्या जागी चिरतो. पंपापाशी मात्र पुन्हा झुलती झडप बसवायला हरकत नाही. नदीचा पालापाचोळा तिच्यातून सहज निघून जातो आणि पूर्ण उघडल्यावर तिचा अडथळाही कमी असतो. ती आडव्या नळावर बसवावी आणि तिला बाहेरून दांडी व वजन असलेली निवडावी, म्हणजे गरजेप्रमाणे वजन सरकवता येते.

यंत्रवेडा

मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात देखभालीचे काम पाहतो. वरच्या विवेचनात एक बाजू राहिली आहे, ती मांडतो. लांब लाइनला झुलती झडप पुरते हे एकट्या पंपाच्या बाबतीत खरे आहे. आमच्याकडे शुद्ध केलेले पाणी पुढे पाठवणारे तीन पंप एकाच मुख्य नळाला जोडलेले आहेत आणि मुख्य नळ बराच लांब आहे. त्यातला एक पंप ट्रिप झाला की उरलेले दोन तत्काळ त्याच्या शाखेत पाणी मागे ढकलतात. त्या शाखेची लांबी दोन-तीन मीटर, आणि मागून चालू पंपांचा पूर्ण दाब! तेव्हा झडपेला ८०० मीटरच्या नळाचा दिलासा मिळत नाही. तिन्ही पंप एकदम बंद केले तर आवाज मामुली असतो. एकच बंद केला तर छत हादरते. तिथे आम्ही स्प्रिंगची नोझल पद्धतीची झडप बसवली आणि फरक स्पष्ट जाणवला.

कच्च्या सांडपाण्याच्या लाइनवर मात्र स्प्रिंगचा विचारही करू नये. चिंध्या आणि केस मधल्या दांडीला गुंडाळले जातात आणि चकती उघडी अडकते. तिथे झुलती झडप किंवा रबरी गोळ्याचा व्हॉल्व्ह, आणि वरून साफ करता येईल असे झाकण, एवढेच टिकते.

जलवाहिनी

पूर्ण सहमत आहे. माझ्या सूत्रातली लांबी ही मागे रेटणाऱ्या दाबापासून झडपेपर्यंतची असते, संपूर्ण नळाची नव्हे. समांतर पंपांत ती दोन-तीन मीटरवर येते.

बावधनकर, आपल्या समितीतील सदस्यांच्या हवेच्या टाकीचेही उत्तर यातच आहे. पंपाशेजारी हवेची टाकी बसवली की पंप थांबताच तीच दाबलेली हवा पाण्याला मागे रेटू लागते, आणि तिच्यापासून झडपेपर्यंतचे अंतर असते जेमतेम एक-दोन मीटर. टाकीमुळे वरच्या नळाला संरक्षण मिळेल, पण झुलती झडप आहे तशीच ठेवली तर तिचा दणका आजच्याहून वाढेल. टाकी बसवायचीच असेल, तर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आधी बसवणे अनिवार्य आहे. आणि तो बसवल्यावर आपल्याला टाकीची गरज राहील असे मला वाटत नाही.

बावधनकर

हे समितीला नक्की पटेल. आणखी दोन शंका आहेत. एका पुरवठादाराने असे सुचवले आहे की, पंपाला हळू थांबवणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला तर व्हॉल्व्ह बदलण्याचीच गरज पडणार नाही. तसेच स्प्रिंगमुळे वीज किती वाढेल, असा प्रश्न खजिनदार विचारणारच आहेत.

जलवाहिनी

सॉफ्ट स्टार्टरने नेहमीचे थांबणे सौम्य होईल, पण लाइट गेली की त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि आपला सर्वांत मोठा दणका लाइट गेल्यावरच बसतो. जुने पंपचालक डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हाताने हळूहळू मिटवून मगच पंप बंद करत असत. ती पद्धत चांगली आहे, परंतु तीही लाइट जाण्यापुढे हतबल ठरते.

वीज पाहू. आपल्या प्रवाहाला स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमुळे जुन्यापेक्षा एक मीटर अधिक दाब लागला, असे धरा. सेकंदाला ६ लिटर पाणी एक मीटर अधिक उचलायला पंपाची अकार्यक्षमता धरूनही सुमारे १२० वॉट लागतात. दिवसाला सहा तास पंप चालला तर पाऊण युनिटही होत नाही. फाटलेल्या गॅस्केटचा आणि प्लंबरच्या फेऱ्यांचा खर्च याहून अधिक आहे.

बसवतानाचा क्रम पंप, मग सरळ नळ, मग स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आणि त्यानंतर गेट व्हॉल्व्ह असा ठेवा. गेट व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असला की एनआरव्ही उघडण्यासाठी बारा मजल्यांचा नळ रिकामा करावा लागत नाही. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक दाबमापक द्या. पंप थांबल्यावर वरचा काटा ४.१ बारवर टिकला आणि खालचा उतरला, तर व्हॉल्व्ह धरतो आहे. खालचा काटाही ४.१ वरच राहिला तर झडपेखाली काहीतरी अडकले आहे किंवा ती गळते आहे. मात्र खाली फूट व्हॉल्व्ह असेल तर अडकलेला दाब बराच वेळ टिकू शकतो, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी पंपाचा हवा सोडण्याचा स्क्रू क्षणभर सैल करून पाहावे. पाणी थेंबभर येऊन थांबले तर व्हॉल्व्ह ठीक आहे, धार सुरूच राहिली तर नाही.

साताऱ्याचे_हार्डवेअर

मापाचा मुद्दा मान्य आहे, पण गिऱ्हाईक ऐकत नाही. ८० च्या नळाला ६५ चा व्हॉल्व्ह दाखवला की पाणी कमी येईल म्हणून परत करतात. आणि उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर दुसरा एनआरव्ही द्यावा असे मी नेहमी सांगतो. त्यामुळे खालच्या झडपेवर निम्माच भार येतो. बावधनकरांनी तेही करावे.

जलवाहिनी

याला माझा विरोध आहे. खालची झडप थोडी जरी गळू लागली, तर दोन झडपांमधले पाणी खाली उतरते आणि वरच्या झडपेखाली पोकळी होते. पुढच्या वेळी पंप सुरू झाला की पाणी त्या पोकळीतून धावत जाऊन वरच्या झडपेवर आदळते. मग थांबतानाचा दणका जाऊन सुरू होतानाचा येतो. बोअरवेलच्या सबमर्सिबलमध्ये पहिला एनआरव्ही पाण्याच्या पातळीपासून फार वर ठेवू नये, असे उत्पादक सांगतात ते याच कारणासाठी. कित्येक उत्पादक त्या ठिकाणी झुलत्या झडपेला स्पष्ट मनाई करतात, तेही जोडीला लक्षात घ्यावे.

यंत्रवेडा

मला हे इतके सरळ वाटत नाही. बारा मजल्यांपर्यंत एकच व्हॉल्व्ह पुरतो, हे मान्य आहे. परंतु वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीत खालच्या झडपेवर आठ-नऊ बारचा दाब सतत असतो, आणि ती एके दिवशी उघडी अडकली तर सगळा खांब पंपातून उलटा येतो. उलट्या फिरणाऱ्या पंपाला त्याच क्षणी वीज मिळाली तर दांडा तुटू शकतो. तिथे मध्ये दुसरी झडप ठेवून खालची नियमित तपासणे हा धोका कमी करण्याचा मार्ग आहे, असे मला वाटते.

जलवाहिनी

पुन्हा लगेच सुरू होण्याचा धोका खरा आहे. त्यासाठी स्टार्टरमध्ये दोन-तीन मिनिटांचा टायमर देणे मी अधिक पसंत करीन. दोन झडपा द्यायच्याच असतील तर त्या पंपघरातच लागोपाठ द्याव्यात, जिथे त्या दिसतात आणि उघडता येतात. सहाव्या मजल्यावरच्या डक्टमधली झडप कोणी तपासत नाही, हा माझा अनुभव आहे.

यंत्रवेडा

लागोपाठ दोन दिल्या तर वरची आधी मिटते आणि खालची नुसती हलत राहून झिजते, हा माझा अनुभव आहे. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

कृष्णाकाठ

माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवायचा तर तो नळाच्या किती मापाचा घ्यावा? आणि दरडीच्या माथ्यावर एक पुरेल की सपाट पट्ट्यात आणखी एक लागेल?

जलवाहिनी

लाइनचा उंचसखलपणा पाहिल्याशिवाय हे सांगणे योग्य नाही. पंपापासून दर ५० मीटरला जमिनीची उंची मोजून इथे लिहा. पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालेल. माथ्याच्या दोन्ही बाजूंची मापे जरा जवळजवळ घ्या, दहा-दहा मीटरवर. शिवाय सध्याच्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमधला पालापाचोळा काढून पाणी पूर्ण येते का तेही पाहा, म्हणजे प्रवाहाचा आकडा खरा धरता येईल.

मृदुला_रत्नागिरी

ग्लँडपाशी साबणपाणी आत ओढले गेले. पॅकिंग बदलायला माणूस उद्या येतो आहे. फूट व्हॉल्व्ह सध्या तसाच ठेवत आहे.